यादीपासून भिंतीवरच्या महिन्यापर्यंत

भिंतीवरची दिनदर्शिका तुमच्या घरी असेलच. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले, आणि तारीख, तिथी, सण असे सारे एका पानावर पाहण्याची सवय मराठी घरांना लागली. पण छापील पानावर तुमच्या ताईचा वाढदिवस नसतो, आजोबांच्या गोळ्या नसतात आणि तुमची घटक चाचणीही नसते. ते सारे कुठेतरी वहीच्या मागच्या पानावर यादीच्या रूपाने असते. अशा साध्या यादीपासून महिन्याचे एक पान आपण स्वतः कसे आखायचे, ते आज पाहू.

पनवेलहून माथेरानच्या डोंगराच्या दिशेने गेले की नेरे गाव लागते. समजा, तेथील एका घराची ऑगस्ट २०२५ ची यादी आपल्या हाती आली आहे. (घर कल्पनेतले, पण महिना आणि सणांच्या तारखा खऱ्या.) यादीत घरची कामे पाच आहेत: ताईचा वाढदिवस ९ तारखेला, आईच्या बचत गटाची बैठक दुसऱ्या मंगळवारी, आजोबांची दहा गोळ्यांची पट्टी, रोज एक, पहिली ६ तारखेला सुरू, घटक चाचणी १८ ते २१, आणि मुंबईचे काका-काकू गणपतीसाठी २६ ऑगस्टला येणार, २ सप्टेंबरला जाणार. सण असे: नारळी पौर्णिमा ८, रक्षाबंधन ९, अंगारकी संकष्टी १२, स्वातंत्र्यदिन, पारशी नववर्ष आणि श्रीकृष्ण जन्माष्टमी तिन्ही १५, गोपाळकाला १६, पोळा २२, हरितालिका २६, गणेश चतुर्थी २७, गौरी आवाहन ३१.

सर्वांत आधी हवा महिन्याच्या पहिल्या तारखेचा वार. साध्या वर्षात ३६५ दिवस, म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस. म्हणून तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते. मध्ये २९ फेब्रुवारी आली तर दोन वार. १ ऑगस्ट २०२४ ला गुरुवार होता, म्हणून १ ऑगस्ट २०२५ ला शुक्रवार.

आता वारांना क्रमांक द्या. रविवार ०, सोमवार १, असे करत शनिवार ६. पहिल्या तारखेच्या वाराचा क्रमांक येथे ५ आहे. कोणत्याही तारखेत हा क्रमांक मिळवा, त्यातून १ वजा करा आणि ७ ने भागा. बाकी म्हणजे वार. भागाकार म्हणजे त्या तारखेच्या मागे किती आठवडे गेले ते. गणेश चतुर्थीची २७ तारीख घ्या. २७ + ५ − १ = ३१. ७ ने भागले तर भागाकार ४, बाकी ३. म्हणजे बुधवार, आणि चार आठवडे मागे टाकून पाचवा. आता ३१ तारीख पाहा: ३१ + ५ − १ = ३५; भागाकार ५, बाकी ०. रविवार खरा, पण आठवडा सहावा!

येथेच पहिली अडचण उभी राहते. पहिल्या वाराचा क्रमांक आणि महिन्याचे दिवस यांची बेरीज ३५ हून अधिक झाली, की पाच आठवड्यांची चौकट पुरत नाही. ३१ दिवसांचा महिना शुक्रवारी किंवा शनिवारी सुरू झाला, अथवा ३० दिवसांचा शनिवारी सुरू झाला, की असे होते. उलट फेब्रुवारी २०२६ रविवारी सुरू झाला आणि अठ्ठावीस दिवस चार आठवड्यांत नेमके बसले.

उरलेल्या ३१ चे काय करायचे? बऱ्याच छापील दिनदर्शिका ती तारीख पहिल्या आठवड्याच्या रिकाम्या जागी, रविवारच्या घरात टाकतात. वार बरोबर असतो आणि जागाही वाचते. पण आपल्या यादीत ३१ ला गौरी आवाहन आहे. ते महिन्याच्या अगदी सुरुवातीला, ३ तारखेच्या शेजारी जाऊन बसेल. आणि काका-काकूंचा मुक्काम ३० तारखेला तुटून पानाच्या दुसऱ्या टोकाला उगवेल. गौरीची तयारी चाललेल्या घराला हे परवडणारे नाही. ज्या महिन्याचा शेवट रिकामा आहे, तेथे ही युक्ती खुशाल वापरावी. या ऑगस्टला मात्र सहावा आठवडा स्वतंत्र आखणेच बरे, असे माझे मत आहे.

तो कसा आखायचा, हे कागद ठरवतो. उभा ३५ सेंटिमीटर रुंद आणि ५६ सेंटिमीटर उंच कागद घेऊ. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर समास सोडला की रुंदी उरते ३२. वार आडवे, डावीकडून उजवीकडे लिहिले तर सात रकाने पडतात आणि प्रत्येक घर साडेचार सेंटिमीटर रुंद होते. वार उभे, डाव्या कडेला वरून खाली लिहिले तर वारांच्या नावांना २ सेंटिमीटर जातात, उरलेल्या ३० मध्ये सहा आठवड्यांचे सहा रकाने बसतात आणि घर ५ सेंटिमीटर रुंद मिळते. पाच आठवड्यांचा महिना असता तर ६ मिळाले असते. मराठी दिनदर्शिकांत वार उभे लिहिलेले तुम्ही पाहिले असतील. रुंद घराचा त्यात हा फायदा आहे. उंचीत समासाला ३ आणि महिन्याच्या नावाला ७ सेंटिमीटर दिले, तर उरलेल्या ४६ मध्ये साडेसहा सेंटिमीटर उंचीची सात घरे आरामात बसतात.

अर्धा सेंटिमीटरची अर्धी-मुर्धी बचत कशाला, असे वाटेल. घराच्या रुंदीतून दोन्ही बाजूंची थोडी मोकळी जागा आणि मुक्कामासाठी अर्धा सेंटिमीटरची पट्टी वजा केली, की लिहायला सुमारे ३.९ सेंटिमीटर उरतात. भिंतीवरचे अक्षर दोन पावलांवरून वाचता यावे म्हणून ते चार मिलिमीटरचे हवे. म्हणजे एका ओळीत नऊ अक्षरे. ‘पारशी नववर्ष’ मधली जागा धरून आठात बसते. साडेचार सेंटिमीटरच्या घरात आठच अक्षरे मावतात, म्हणजे एखादे जोडाक्षर रुंद झाले की ओळ फुटलीच! ओळींमध्ये अंतर मात्र अक्षराच्या दुप्पट, आठ मिलिमीटर ठेवा. देवनागरीत वेलांट्या आणि मात्रा वर जातात, उकार खाली येतात. ओळी जवळ घेतल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो.

चौकट आखून झाली की सर्व तारखा आधी पेन्सिलीने भरा. मग यादीकडे वळा, पण यादी जशीच्या तशी उतरवू नका. तिच्यात काही ओळी अशा आहेत, की त्यांची आधी तारीख करावी लागते.

‘दुसरा मंगळवार’ घ्या. पुष्कळांची बोटे दुसऱ्या रकान्यावर जातात आणि बैठक ५ तारखेला लिहिली जाते. पण महिना शुक्रवारी सुरू झाल्याने पहिल्या रकान्यात मंगळवार नाहीच! पहिला मंगळवार ५ ला, दुसरा १२ ला. रकाने मोजायचे नाहीत, त्या वाराची भरलेली घरे मोजायची. आणि १२ ला अंगारकी आहे, हे घरात लिहिताच दिसते. बैठक ठेवायची की पुढे ढकलायची, हे आईला आधीच ठरवता येते. यादीत या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळींवर होत्या, म्हणून ते कळले नव्हते.

आजोबांच्या गोळ्यांत दुसरा सापळा आहे. ६ ला पहिली गोळी घेतली तर दहावी १५ ला, कारण ६ तारीखही मोजायची. नवी पट्टी १६ ला आणि त्यानंतर २६ ला. पण १५ ला सुट्टी. औषधाचे दुकान उघडे असेलच असे नाही, म्हणून ‘गोळ्या आणा’ ही खूण १४ च्या घरात करणे शहाणपणाचे. पट्टी सुरू होण्याची नोंद १६ लाच राहते.

सणांचे गणित मात्र आपल्या सूत्राने करू नका. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकण्याचा काळ. तो सरासरी २३ तास ३७ मिनिटांचा असला तरी चंद्राचा वेग बदलता असल्याने कमी-जास्त होतो, आणि तिथी मध्यरात्री बदलत नाही. २०२५ मध्ये श्रावणी पौर्णिमा ८ ऑगस्टला दुपारी लागली आणि ९ ला दुपारी संपली. म्हणून नारळी पौर्णिमा ८ ला आणि रक्षाबंधन ९ ला, असे एकाच पौर्णिमेचे दोन सण दोन घरांत गेले. अष्टमी १५ च्या रात्री मध्यरात्रीपूर्वी लागली. कृष्णजन्म मध्यरात्रीचा, म्हणून जन्माष्टमी १५ ला. कोणत्या सणाला तिथी कोणत्या वेळी हवी याचे नियम वेगवेगळे आहेत. तेव्हा तारीख पंचांगातूनच घ्यावी.

अनेक दिवसांचे काम प्रत्येक घरात पुन्हा लिहू नका. घराच्या उजव्या कडेने रंगीत पट्टी ओढा. चाचणीची पट्टी सोमवार ते गुरुवार सलग उतरते. काका-काकूंची पट्टी मंगळवार २६ पासून शनिवार ३० पर्यंत खाली येते आणि पुढच्या रकान्यात ३१ ला पुन्हा सुरू होते. तेथे नाव पुन्हा लिहा आणि टोकाला ‘२ सप्टें. पर्यंत’ असा बाण काढा. हा बाण राहिला, की ते ३१ लाच परत जाणार असे सप्टेंबरचे पान उलटेपर्यंत सर्वांना वाटत राहते.

शेवटी पडताळा. पट्टी जितक्या घरांतून जाते तितक्या नोंदी धरा. घरच्या कामांच्या १ + १ + ३ + ४ + ६ = १५; सणांच्या ११; एकूण २६. आता पान पाहून रकान्यांप्रमाणे मोजा: ०, ४, ७, ५, ८, २. बेरीज २६. (‘गोळ्या आणा’ ही खूण यात धरलेली नाही.) संख्या जुळली म्हणजे काही सुटले नाही, पण पोळा २२ ऐवजी २१ ला गेला असेल तरी बेरीज २६ च येईल! म्हणून दुसऱ्याने पान मोठ्याने वाचावे, ‘बावीस, शुक्रवार, पोळा’ असे, आणि तुम्ही यादीत खूण करावी. पानावरून यादीकडे, उलट दिशेने.

हेच पान पुढच्या वर्षी वापरता येईल का? ऑगस्ट २०२६ शनिवारी सुरू होतो; ६ + ३१ = ३७, म्हणजे ३० आणि ३१ अशा दोन तारखा बाहेर राहतात. ताईचा वाढदिवस ९ लाच राहतो, फक्त शनिवारचा रविवार होतो. सणांचे तसे नाही. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून गणपती अकरा दिवस लवकर येतील असे वाटेल. पण २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ महिना आहे. त्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे अठरा दिवस उशिरा येते, आणि काका-काकूंची पट्टी ऑगस्टच्या पानावरून पार निघून जाते.