हातावरचे व्रण पाहून निदान करू नका

सत्तावीस वर्षांची विवाहित स्त्री मानसोपचार विभागाच्या ओपीडीत आली आहे. तक्रार नवरा सांगतो. ती एकदम चिडते, तासन्‌तास रडत बसते, सासरी कुणाशी तिचं पटत नाही आणि गेल्या आठवड्यात तिने पुन्हा ब्लेडने हात कापून घेतला. डाव्या हातावर कोपरापर्यंत जुन्या व्रणांच्या आडव्या रेघा आहेत. रेसिडेंट डॉक्टरसमोर अजून वीसेक रुग्ण बसलेले. तो केस पेपरवर लिहितो, 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर', पुढे प्रश्नचिन्ह. पुढच्या वेळी केस पेपर दुसऱ्याच्या हाती पडतो आणि ते प्रश्नचिन्ह गळून जातं.

या बाईला आपण मंदा म्हणू. ती एकच कुणी नाही. अनेकींच्या कहाण्यांतले धागे घेऊन ती उदाहरणापुरती उभी केली आहे. तिला बॉर्डरलाइन आहे की कॉम्प्लेक्स पीटीएसडी, हे ठरवणं मानसोपचार शिकणाऱ्या डॉक्टरांना फार अवघड जातं, कारण वरून पाहिलं तर दोन्हींत भावना आवरत नाहीत, स्वतःबद्दल वाईट वाटतं आणि नाती बिघडतात.

भीषण प्रसंगानंतर जडणाऱ्या पीटीएसडीबद्दल आता बऱ्याच वाचकांनी ऐकलेलं असतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्यूडिथ हर्मन यांनी १९९२मध्ये मांडलं की वर्षानुवर्षं चाललेल्या, सुटका नसलेल्या अत्याचाराचा परिणाम याहून खोल असतो. तो माणसाच्या स्वतःबद्दलच्या कल्पनेवर आणि नात्यांवरही होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात कॉम्प्लेक्स पीटीएसडीला स्वतंत्र जागा मिळाली आणि जानेवारी २०२२पासून हे वर्गीकरण लागू झालं. अमेरिकेच्या डीएसएम-५मध्ये मात्र हे निदान नाही. आपल्याकडचे विद्यार्थी दोन्ही पुस्तकं वाचतात, त्यामुळे गोंधळात भर पडते.

पहिली चूक होते ती इतिहास घेताना. मंदाला विश्वासात घेतल्यावर ती सांगते की आठव्या वर्षापासून तेराव्या वर्षापर्यंत घरातच राहणारा एक नातेवाईक तिच्यावर लैंगिक अत्याचार करत होता. हे ऐकताच शिकाऊ डॉक्टर दुसऱ्या टोकाला जातो. अत्याचार झाला आहे, म्हणजे कॉम्प्लेक्स पीटीएसडीच. पण बॉर्डरलाइन असलेल्या रुग्णांतही बालपणी अत्याचार किंवा हेळसांड सोसलेल्यांचं प्रमाण खूप मोठं असतं. २०२०मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात अशा सुमारे ७१ टक्के रुग्णांनी बालपणीचा निदान एक तरी आघात सांगितला होता. म्हणून आघाताच्या इतिहासावरून दोघांतला फरक ठरत नाही. तो इतिहास विचारायलाच हवा, पण निदानासाठी पुढे आणखी विचारावं लागतं.

कॉम्प्लेक्स पीटीएसडी म्हणायचं तर आधी पीटीएसडीची तीन लक्षणं असावी लागतात: घडलेलं पुन्हा आत्ता घडतं आहे असा अनुभव, त्याची आठवण करून देणारं सगळं टाळणं, आणि धोका अजून टळलेला नाही अशी सततची सावध अवस्था. यातलं पहिलं विचारताना "जुन्या गोष्टी आठवतात का?" हा प्रश्न कुचकामी ठरतो, कारण त्या सगळ्यांनाच आठवतात. मी शिकवताना असं विचारायला सांगते: "ते आठवतं, की पुन्हा तिथेच असल्यासारखं होतं?" मंदा बराच वेळ गप्प राहते. मग सांगते की कुणाच्या तोंडाला तंबाखूचा वास आला की तिचे हातपाय गार पडतात आणि क्षणभर समोरची खोली माहेरच्या घरातली वाटते. ती दार लावून झोपू शकत नाही. नवऱ्याने मागून खांद्यावर हात ठेवला तर ती दचकून ओरडते. घरात "चिडते" म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. माहेरच्या त्या घरी ती लग्नानंतर एकदाही गेलेली नाही आणि न जाण्याची कारणं दरवेळी वेगळी सांगते.

इथपर्यंत पीटीएसडी झालं. 'कॉम्प्लेक्स' म्हणण्यासाठी आणखी तीन गोष्टींत बिघाड लागतो: भावना, स्वतःबद्दलची कल्पना आणि नाती. नेमक्या याच तीन जागी बॉर्डरलाइन सारखं दिसतं, म्हणून तपासणीतला खरा वेळ इथे द्यायला हवा.

स्वतःबद्दलच्या कल्पनेपासून सुरुवात करावी. "तुम्ही कशा आहात, असं तुम्हाला वाटतं?" यावर मंदा म्हणते, "घाण." चांगल्या दिवशीही? "हो." नोकरी लागली तेव्हा? "लोकांना कळलं नव्हतं एवढंच." तिचं स्वतःबद्दलचं मत वाईट आहे आणि ते वर्षानुवर्षं तसंच आहे. कॉम्प्लेक्स पीटीएसडीत बहुधा हेच दिसतं. बॉर्डरलाइनमध्ये ते मत हलतं राहतं. या महिन्यात शिक्षिका व्हायचं असतं, पुढच्या महिन्यात सगळं सोडून आश्रमात जायचं असतं. एखाद्या माणसाने कौतुक केलं की आपण फार थोर वाटतो, त्यानेच फोन उचलला नाही की आपण कुणीच नाही. आतून पोकळ वाटतं आणि "मी नक्की कोण आहे" हेच उमगत नाही. हा फरक एका भेटीत पकडता येत नाही. आजचं उत्तर केस पेपरवर रुग्णाच्या शब्दांत लिहून ठेवावं आणि दोन-तीन आठवड्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारावा.

नात्यांबद्दल "भांडणं होतात का?" असं विचारलं तर दोन्ही प्रकारचे रुग्ण हो म्हणतील. त्याऐवजी जवळचं माणूस लांब गेलं की काय होतं, हे विचारावं. मंदाचा नवरा कामासाठी अधूनमधून आठवडाभर सुरतेला जातो. त्या दिवसांत तिला बरी झोप लागते. लाजत ती हे सांगते. मैत्रिणी दोनच, त्यांनाही ती आपणहून फोन करत नाही. जवळ आलेलं माणूस तिला धोक्याचं वाटतं, म्हणून ती अंतर राखते. बॉर्डरलाइन असलेल्या व्यक्तीला तेच सात दिवस असह्य होतात. तो परत येणार नाही ही भीती, फोनवर फोन, विनवण्या, मग संताप, आणि कधी त्याला थांबवण्यासाठी टोकाचं काही करून बसणं. सोडून जातील या भीतीने केलेली ही आटापिटी फार बोलकी खूण आहे.

मेरिलीन क्लॉइत्र आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये बालपणी अत्याचार सोसलेल्या २८० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॉर्डरलाइन गटाला वेगळं काढणाऱ्या चार खुणा त्यांना ठळक दिसल्या: सोडून जाण्याच्या भीतीची धडपड, स्थिर नसलेली स्व-ओळख, टोकाची आणि सतत हेलकावणारी नाती, आणि उतावळेपणा. स्वतःला इजा करणं किंवा आत्महत्येचे प्रयत्न बॉर्डरलाइन गटात सुमारे निम्म्या जणींत होते. कॉम्प्लेक्स पीटीएसडीच्या गटात ते बरेच कमी होते, पण तरीही काही जणींत होते. त्यामुळे मंदाच्या हातावरच्या व्रणांवरून शक्यता मोजता येते, निदान करता येत नाही.

त्या व्रणांबद्दल मात्र सविस्तर विचारावंच. कापण्याच्या आधीचा एक तास मिनिटामिनिटाने उलगडून घ्यावा. गेल्या आठवड्यात पाहुणे आले होते, त्यातल्या एकाच्या तोंडाला तंबाखूचा वास होता. मंदा मोरीत गेली. "मी इथे नव्हतेच," ती म्हणते. रक्त दिसल्यावर ती भानावर आली. त्याआधी भांडण नव्हतं, कुणी सोडून जाणार नव्हतं, कुणाला दाखवायचंही नव्हतं. इथे सावध राहायला हवं, कारण भान हरपणं आणि वेदनेने भानावर येणं बॉर्डरलाइनमध्येही घडतं. म्हणून एका प्रसंगावर न थांबता असे तीन-चार प्रसंग घ्यावेत आणि ठिणगी कुठून पडते ते पाहावं. मंदाच्या बाबतीत ती प्रत्येक वेळी आघाताच्या आठवणीतून पडते.

इंटरनॅशनल ट्रॉमा क्वेश्चनेअर नावाची अठरा प्रश्नांची छोटी प्रश्नावली इथे उपयोगी पडते. त्यात लक्षणांचे बारा प्रश्न आणि रोजच्या जगण्यावर झालेल्या परिणामाचे सहा आहेत. प्रत्येकाचं उत्तर शून्य ते चार असं द्यायचं आणि दोन किंवा अधिक असेल तर ते लक्षण आहे असं धरायचं. पण भावना, स्वतः आणि नाती यांवरच्या प्रश्नांना बॉर्डरलाइन असलेली व्यक्तीही जास्त गुण देऊ शकते. पीटीएसडीची तिन्ही मूळ लक्षणं नसताना फक्त त्या गुणांवरून कॉम्प्लेक्स पीटीएसडी लिहिणं चूक आहे. शिवाय प्रश्नावलीत बॉर्डरलाइनच्या त्या चार खुणा विचारलेल्याच नसतात. त्या स्वतंत्रपणे विचाराव्या लागतात.

आपल्या घरांमुळे आणखी एक अडचण येते. मंदा नवऱ्याच्या मारहाणीला आजही तोंड देत असती, तर तिचं सतत सावध राहणं लक्षण म्हणून मोजता आलं नसतं. ती खऱ्या धोक्याला दिलेली योग्य प्रतिक्रिया ठरली असती, आणि पहिलं काम तिच्या सुरक्षिततेचं असतं. हे विचारायचं तर नवरा आणि सासू बाहेर हवेत. उलट रोजच्या दिवसांत ती कशी असते, हे कळण्यासाठी तिच्या संमतीने बहिणीशी बोलणं फार उपयोगी पडतं. बॉर्डरलाइनचं वागणं किशोरवयापासून किंवा ऐन तारुण्यापासून जागोजागी दिसतं, ते वादळी दिवसापुरतं नसतं. मोठेपणी अत्याचार झालेल्या व्यक्तीत आघाताआधीचं निराळं आयुष्य शोधता येतं. मंदासारखीला आठव्या वर्षीच गाठलं गेलं, तर 'आधी' असं काही उरतच नाही आणि हा निकष लंगडा पडतो.

मंदाचं निदान कॉम्प्लेक्स पीटीएसडीकडे झुकतं. काही रुग्णांत दोन्ही आजार एकत्र असतात आणि तेव्हा दोन्ही लिहायला कचरू नये. या निवडीने उपचार बदलतात. मंदाला आधी भावना सांभाळायची कौशल्यं शिकवून, मग त्या आठवणींवर थेट काम करणारी मानसोपचार पद्धत द्यावी लागेल. बॉर्डरलाइनसाठी मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेली डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी सर्वांत जास्त अभ्यासलेली आहे. मुळावर घाव घालणारी गोळी दोन्हींसाठी नाही.

अलीकडे मला एक नवी प्रवृत्ती काळजीत टाकते. 'बॉर्डरलाइन' या शब्दाला वॉर्डात कुत्सित अर्थ चिकटला आहे, म्हणून काही सहृदय तरुण डॉक्टर प्रत्येक अशा रुग्णाला कॉम्प्लेक्स पीटीएसडी म्हणू लागले आहेत. हेतू चांगला असला तरी त्या रुग्णाचा आत्महत्येचा धोका कमी लेखला जातो आणि तिला हवी ती थेरपी मिळत नाही. कुत्सितपणा घालवायचा असेल तर आपली वागणूक बदलावी. निदान बदलून तो जात नाही.

रुग्णासोबत येणाऱ्यांना एक विनंती. डॉक्टरांनी अर्धा तास बाहेर थांबायला सांगितलं, तर राग मानू नका. आणि घरात कुणी स्वतःला इजा करत असेल, जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते.