गाव, कपाट आणि साल

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा एकाच वेळी पात्राबाहेर पडल्या, तेव्हा शिरोळ तालुक्यातली नदीकाठची गावं कित्येक दिवस पाण्यात होती. नृसिंहवाडीला या दोन नद्या एकमेकींना मिळतात, त्यामुळे या भागात पाणी नुसतं चढत नाही, रेंगाळतंही. भिजलेला कागद दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो आणि गाळ बसलेली पानं वाळल्यावर एकमेकांना चिकटून त्यांची वीट होते. पूर ओसरल्यावर शाळेतली जी पुस्तकं हाती लागतात, त्यातली बहुतेक टाकूनच द्यावी लागतात. मग गावातला एखादा शिकलेला मुलगा किंवा शाळेचे गुरुजी इंटरनेटवर लोकवर्गणी मागायचं ठरवतात. केट्टो किंवा मिलापसारख्या ठिकाणी मोहीम नोंदवताना एक रिकामा चौकोन येतो तो मोहिमेच्या नावाचा. तो पाच मिनिटांत भरला जातो आणि नंतरच्या बऱ्याचशा कटकटी त्या पाच मिनिटांतूनच निघतात.

पूर्वी वर्गणी मागायला माणूस यायचा. हातात पावतीपुस्तक असायचं आणि आलेला कोणाचा कोण हे देणाऱ्याला ठाऊक असायचं. मोहिमेला नाव नसलं तरी चालायचं, कारण मागणाऱ्याचा चेहरा हेच नाव होतं. व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या दुव्याला चेहरा नसतो. गावच्या गटातून तो पुण्याच्या गटात जातो, तिथून दुबईला, तिथून न्यू जर्सीला. वाटेत सोबतचा मजकूर गळतो, फोटो बदलतो. शेवटपर्यंत टिकते ती दुव्याखाली दिसणारी नावाची ओळ. माझं म्हणणं एवढंच आहे की ही ओळ एकटीच वाचणाऱ्या परक्या माणसाला पैसे कोणत्या गावी, कशासाठी आणि कोणत्या पुरानंतर हवे आहेत हे कळलं पाहिजे. ‘अक्षरदीप’, ‘पुन्हा फुलू दे’, ‘ज्ञानगंगा’ ही नावं या कसोटीवर नापास होतात. (पुरात वाहून गेलेल्या पुस्तकांसाठीच्या मोहिमेला ‘ज्ञानगंगा’ म्हणण्यात जी खोच आहे, ती नाव ठेवणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.)

उदाहरणासाठी एक शाळा कल्पू. शिरोळ तालुक्यात पाणवठे नावाचं गाव आहे असं समजा. तिथे जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे आणि २०१९ च्या पुरात तिची पुस्तकं गेली आहेत. नावात गाव यायला हवं हे उघड आहे, पण नुसतं गाव पुरत नाही. कवठे म्हटलं तर कोणतं? कवठे गुलंद शिरोळ तालुक्यात, कवठे पिरान मिरज तालुक्यात, कवठे एकंद तासगाव तालुक्यात आणि दुष्काळासाठी माहीत असलेलं कवठे महांकाळ आणखी पूर्वेला. शिरोळ आणि शिरोली यांतही परका माणूस गोंधळतो. पुलाची शिरोली हातकणंगले तालुक्यात आहे. म्हणून गावाला तालुका जोडायचा, आणि तोही नावाच्या सुरुवातीलाच, कारण फोनच्या पडद्यावर लांब नावाची शेपटी कापली जाते. ‘पूरग्रस्त विद्यार्थ्यांच्या उज्ज्वल भवितव्यासाठी’ अशी सुरुवात केली तर गावाचं नाव नेमकं त्या कापलेल्या भागात जातं.

सालाचंही तसंच. ‘पूरग्रस्त शाळा’ हे शब्द २०१९ मध्ये खरे होते, जुलै २०२१ मध्ये पुन्हा खरे ठरले. पुन्हा पाणी चढलं की कोणीतरी सद्भावनेनं जुनाच दुवा पुढे ढकलतो. नावात साल असेल तर वाचणारा थबकतो. नसेल तर जुन्या, कदाचित भागलेल्या गरजेसाठी पैसे जातात आणि शेजारचं खरोखर बुडालेलं गाव मागे राहतं.

सर्वांत निसरडा भाग मात्र वस्तूचा आहे. ‘शाळेचं ग्रंथालय पुन्हा उभारूया’ असं लिहिलं की शहरातला माणूस स्वतंत्र खोली, टेबलं, कदाचित इमारतच डोळ्यांसमोर आणतो. खेड्यातल्या शाळेचं ग्रंथालय म्हणजे बहुधा मुख्याध्यापकांच्या खोलीतली दोन लोखंडी कपाटं आणि व्हरांड्यातली सतरंजी. इमारत जिल्हा परिषदेची असते. तिच्या दुरुस्तीचा रस्ता सरकारी पंचनाम्यातून आणि निधीतून जातो. शिवाय ‘ग्रंथालय’ या शब्दाला महाराष्ट्रात दुसराही अर्थ आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली गावोगावी अनुदानित ग्रंथालयं आहेत, अ ते ड वर्गांची. अशा गावात ‘पाणवठे ग्रंथालय’ म्हटलं की पैसे शाळेला की गावच्या वाचनालयाला, हा वाद पहिल्या ग्रामसभेतच सुरू होतो. म्हणून वस्तू तिच्या साध्या नावानं सांगावी: गोष्टींची पुस्तकं आणि कपाटं. आपल्या कल्पित शाळेचा हिशेब मांडला तर सरासरी शंभर रुपयांची पाचशे पुस्तकं, म्हणजे पन्नास हजार. पंधरा हजारांची दोन कपाटं, म्हणजे तीस हजार. कपाटं पुराच्या खुणेच्या वर ठेवायला भक्कम घडवंची, सतरंजी आणि नोंदवह्या यांना दहा हजार. एकूण ९०,००० रुपये. नाव आणि हा हिशेब शेजारी ठेवून पाहावेत. हिशेबात नसलेली वस्तू नावात असेल तर नाव फुगलेलं आहे.

याच्या उलट चूक म्हणजे ‘एक पुस्तक शाळेसाठी’ किंवा ‘पुस्तकदान’. ही नावं गोड आहेत, पण ती पैसे मागत नाहीत, पुस्तकं मागतात, आणि लोक ती पाठवतात. घरातली जुनी गाइडं, बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिका, अर्धवट भरलेल्या वह्या. ज्या शाळेत कोरडा कोपरा शिल्लक नाही, तिथे गठ्ठे येऊन पडतात आणि निवडण्याचं काम गाळ उपसणाऱ्या शिक्षकांच्याच गळ्यात येतं. पैसे हवे असतील तर नावातलं क्रियापद देण्याचं नसून खरेदीचं असावं: ‘पुस्तकं घेण्यासाठी’.

असं नाव रुक्ष होतं, त्यानं कोणाचं काळीज हलणार, हा पहिला आक्षेप. तो खोटा नाही. माणूस भावनेनंच खिशात हात घालतो. पण भावना कशानं जागी होते? अमेरिकेत डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पाच डॉलर हातात देऊन त्यातले काही दान करण्याची संधी दिली. काहींना मालीतल्या रोकिया या एका मुलीविषयी वाचायला दिलं, काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे. मुलीविषयी वाचणाऱ्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, आकडे वाचणाऱ्यांनी १.१४. मुलगी आणि आकडे एकत्र वाचणाऱ्यांनी दिले १.४३, म्हणजे आकड्यांनी मुलीलाही झाकोळलं. यावरून मी जो धडा घेतो तो करुण विशेषणांचा नाही, नेमकेपणाचा आहे. ‘महाराष्ट्रातील हजारो पूरग्रस्त बालकं’ यापेक्षा एका गावातली एक शाळा डोळ्यांना दिसते. ‘अश्रू’, ‘आक्रोश’, ‘बुडालेलं बालपण’ हे शब्द कोणत्याही मोहिमेला चिकटवता येतात; ‘पाणवठे’ दुसऱ्या कोणाला लावता येत नाही. आणखी एक गोष्ट आहे. हे नाव त्या मुलांच्या गावालाच वाचायचं असतं. आपल्या शाळेला वर्षभर बिचारी म्हणवून घेणं कोणाला आवडेल? काव्य करायचंच असेल तर ते नावाखालच्या पहिल्या परिच्छेदात करावं, तिथे जागा मोकळी आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. नाव इतकं अरुंद ठेवलं आणि ९०,००० ऐवजी तीन लाख आले, तर उरलेल्याचं काय? सैल नाव असेल तर शेजारच्या शाळेलाही देता येतील. या युक्तिवादाचं उत्तर ऑस्ट्रेलियात मिळतं. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या वणव्यांच्या वेळी सेलेस्ट बार्बर या विनोदी अभिनेत्रीनं फेसबुकवर मोहीम सुरू केली. जमेल तशी मदत करा, हे भयंकर आहे, एवढाच मोहिमेच्या नावाचा आशय होता. उद्दिष्ट ३०,००० डॉलरचं होतं, जमले ५ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक. देणाऱ्यांपैकी अनेकांना वाटलं की पैसे घर गमावलेल्यांना, भाजलेल्या प्राण्यांना, इतर राज्यांनाही जातील. बार्बर यांचीही तशी इच्छा होती. पण मोहिमेत लाभार्थी म्हणून नोंदवलेला होता न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण अग्निशमन दलाचा देणगी न्यास. मे २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की न्यासाच्या दस्तऐवजात बसेल तेवढ्याच कामाला पैसे वापरता येतील; दलाच्या जवानांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी बरंच काही करता येईल, मात्र दुसऱ्या संस्थांना वाटता येणार नाहीत. तिथला कायदा वेगळा, रकमा वेगळ्या. पण सैल नावानं हात मोकळे झाले नाहीत हे तर दिसतंच. हात बांधले होते खात्यानं, आणि नाव तसं सांगत नव्हतं. म्हणून उरलेल्या पैशांची सोय नावात शोधू नये. ९०,००० च्या वर आलेली रक्कम अमुक दोन शाळांना त्याच कामासाठी जाईल, हे वाक्य पहिल्या दिवशीच मजकुरात लिहावं.

खात्याचा विषय निघालाच आहे तर एक बारीक गोष्ट. यूपीआयनं पैसे पाठवताना पडद्यावर खातेदाराचं नाव उमटतं. मोहीम ‘अक्षरदीप’ आणि पडद्यावर कोणा तरुणाचं नाव, असं झालं की सावध देणारा तिथेच थांबतो, आणि त्याचं बरोबर असतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जिल्हा परिषदेच्या शाळेला व्यवस्थापन समिती असते. खातं समितीच्या नावानं असेल आणि त्यातला गावाचा व शाळेचा उल्लेख मोहिमेच्या नावाशी जुळत असेल, तर पटवून द्यायला फोन करावा लागत नाही. मोठ्या देणगीदाराला वडिलांच्या स्मरणार्थ नाव हवं असेल तर ते कपाटावरच्या पाटीवर द्यावं. मोहिमेचं नाव मध्येच बदललं की आधीच्या देणाऱ्यांना वाटतं आपण दुसऱ्याच कशाला पैसे दिले.

देवनागरी नाव ठेवणाऱ्यांनी दुव्याकडेही पाहावं. दुव्यात ‘शाळा’ हा चार खुणांचा शब्द गेला की तो बऱ्याचदा %E0%A4%B6%E0%A4%BE%E0%A4%B3%E0%A4%BE असा उलगडतो, आणि अशी छत्तीस अक्षरांची माळ पाहून लोक फसवणूक समजतात. नाव मराठीत, दुव्याची शेपटी रोमन लिपीत, panvathe-shirol-school-books-2019 अशी, हा तोडगा सरळ आहे.

तर पाणवठ्याच्या मोहिमेचं नाव होईल: ‘पाणवठे (ता. शिरोळ) जि. प. शाळा: गोष्टींची पुस्तकं आणि कपाटं घेण्यासाठी, पूर २०१९’. कानाला ते पाटीसारखं लागेल, आणि काम पाटीचंच आहे. ९०,००० जमले की त्याच्या आधी एक शब्द जोडायचा: ‘पूर्ण’. मोहीम बंद झाली तरी दुवा फिरतच राहतो, आणि तीन वर्षांनी तो कोणाच्या फोनवर उघडला तर सगळ्यात आधी हाच शब्द दिसायला हवा.