एकाच कानाला बसलेला दडा

समजा, कोहिमाजवळचा ४५ वर्षांचा शेतकरी आहे. उजव्या कानाला दडा बसलाय, मळ काढून, थेंब घालूनही सुटत नाही. सकाळी शेंबडात रक्ताची रेघ दिसते. मग कानाखाली, मानेत न दुखणारी गाठ येते. अनेकदा ही गाठच पहिली खूण असते आणि टीबी समजून महिने वाया जातात.

मूळ असतं नाकाच्या पार मागे, घशाच्या वरच्या पोकळीत. कानाकडे जाणारी नळी तिथेच उघडते. तिच्यामागच्या खाचेत कर्करोग वाढला की नळी दबते आणि पडद्याआड पाणी साचतं. भारतात हा आजार ईशान्येकडे, विशेषतः नागालँडमध्ये जास्त दिसतो. म्हणून मोठ्या माणसाच्या एकाच कानात विनाकारण पाणी दिसलं, तर नाकामागे पाहायलाच हवं.

नाकात बधिर करणारा फवारा मारून काही मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत सरकवतात. डॉक्टर दोन्ही बाजू ताडून पाहतात: डावी खाच मोकळी, उजवी खडबडीत मांसाने भरलेली. चिमट्याने तिथलाच तुकडा काढून तपासणीला पाठवतात. निदान त्यावरच पक्कं होतं. मानेतली गाठ आधीच कापून काढू नये, सुईने नमुना घेणं पुरतं.

कधी रोग अस्तराखाली दडतो आणि दुर्बिणीला सगळं ठीक दिसतं. तुकडाही निर्दोष येतो. तरी संशय उरला, तर एमआरआय करून नेमक्या जागेचा तुकडा पुन्हा घ्यावा लागतो.