बाबांच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना पत्र

आदरणीय डॉक्टर,



दीड महिन्यापूर्वी आपण बाबांना तपासून पार्किन्सन्सचे निदान केलेत. ओपीडीत मागे रांग असते आणि आपल्यासमोर बसले की घरून ठरवून आणलेले प्रश्न डोक्यातून निघून जातात. म्हणून ते लिहूनच पाठवते आहे.

आपण लेव्होडोपा-कार्बिडोपाची १२५ ची गोळी दिवसातून तीन वेळा लिहून दिलीत. तिने गुण आला. सदऱ्याची बटणे बाबा पुन्हा स्वतः लावू लागले. मात्र दुसऱ्यांदा आणलेल्या गोळ्या सुरू झाल्यावर त्यांना मळमळू लागले, दोनदा उलटीही झाली. पट्टी उलटून पाहिली तर तिच्यावर १२५ ऐवजी ११० छापलेले होते. दुकानदार म्हणाले, "औषध तेच आहे ताई, पॉवर जरा कमी, एवढंच."

माझी मावसबहीण फार्मसिस्ट आहे. तिने आकड्यांची फोड करून दाखवली. दोन्ही गोळ्यांत लेव्होडोपा १०० मिलिग्रॅमच आहे. फरक कार्बिडोपात आहे : १२५ मध्ये ते २५ मिलिग्रॅम, ११० मध्ये फक्त १०. लेव्होडोपाचे डोपामिन मेंदूत व्हायला हवे. ते वाटेतच, शरीरात इतरत्र झाले तर मेंदूपर्यंत पोचत नाही आणि मळमळ मात्र होते. हे वाटेतले रूपांतर अडवायचे काम कार्बिडोपाचे, आणि त्यासाठी दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम लागते. बाबांना आधी ७५ मिळत होते, नव्या पट्टीतून ३० च. म्हणजे मुख्य औषध तेवढेच राहिले आणि त्याचा राखणदार निम्म्याहून कमी झाला. मळमळीचे कारण हेच असावे का? तसे असेल तर चिठ्ठीवर '१०० अधिक २५' असे फोडून लिहाल का? मग दुकानात गल्लत होणार नाही.

उलटीसाठी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मेटोक्लोप्रमाइडची गोळी लिहून दिली होती. बहिणीने ती घेऊ दिली नाही. ही गोळी मेंदूत डोपामिनचाच मार्ग अडवते, त्यामुळे हातपाय आणखी आखडू शकतात, असे ती म्हणाली. डोम्पेरिडोन सहसा मेंदूत शिरत नाही, पण त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बाबांना हृदयाचा त्रास आहे, हे आपल्याला ठाऊक आहेच. तेव्हा ते द्यायचे झाल्यास आधी ईसीजी काढावा का? आणि बाबांना चालणार नाहीत अशा औषधांची नावे एका कागदावर मिळाली, तर तो कागद आम्ही फाइलमध्ये सर्वांत वर लावू.

आता जेवणाचे. बाबांची सकाळची गोळी दुधाच्या कपाबरोबर जाते, ही त्यांची जुनी सवय. लेव्होडोपा आणि प्रथिने आतड्यातून एकाच वाटेने शोषली जातात, त्यामुळे दूध, वरण, उसळ किंवा अंडे सोबत असले की औषध मागे पडते, असे कळले. गेल्या आठवड्यात मी वहीत वेळा टिपल्या. सकाळी पाण्याबरोबर गोळी घेतली त्या दिवशी पाऊण तासात हात मोकळा झाला. दुधाबरोबर घेतली त्या दिवशी सव्वा तास झाला तरी चहाची बशी थरथरत होती. आठवड्याच्या नोंदीवरून निष्कर्ष काढणे घाईचे आहे, हे जाणते. तरी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने गोळी द्यावी का? उपाशीपोटी मळमळले तर सोबत एखादे साधे बिस्किट चालेल का? प्रथिने तोडायची नाहीत, हे मी धरून चालले आहे, कारण त्यांचे वजन आधीच उतरले आहे. रक्त कमी म्हणून लोहाची गोळीही चालू आहे. लोहही लेव्होडोपाला धरून ठेवते म्हणतात. दोन्हींमध्ये किती तासांचे अंतर ठेवू?

सर्वांत जास्त धास्ती मला पुढच्या महिन्याची आहे. बाबांचे हर्नियाचे ऑपरेशन ठरले आहे आणि "आदल्या रात्री बारापासून काही द्यायचे नाही" असे तिथे सांगितले आहे. लेव्होडोपा अचानक थांबले तर शरीर ताठरते, क्वचित तीव्र ताप येऊन जिवावर बेतते, असे मी वाचले. सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची का, आणि ऑपरेशननंतर तोंडाने काही घेता येईपर्यंत काय करायचे, हे भूलतज्ज्ञांना आपल्या हस्ताक्षरात कळवाल का? मुलीच्या तोंडी सांगण्यापेक्षा आपल्या दोन ओळींना तिथे वजन असेल.

बिछान्यातून उठताना बाबांना दोनदा भोवळ आली. घरच्या यंत्रावर झोपलेले असताना रक्तदाब १३० होता, उभे राहिल्यावर १०५. रक्तदाबाची जुनी गोळी कमी करायची का, हेही सांगावे. तोवर मी कुठलीच गोळी मनाने बंद करत नाही.

११० ची पट्टी, चिठ्ठी आणि वही घेऊन बाबांना सोमवारी आणते. पट्टीचा निर्णय त्याआधी फोनवर कळला, तर आजच गोळी बदलून आणीन.

आपली,
बाबांची मुलगी