शोधवृक्षातली अदलाबदल कशी सापडते?

संगणकात आकडे क्रमाने ठेवण्याची एक रचना म्हणजे द्विमान शोधवृक्ष, बोलीभाषेत ‘सर्च ट्री’. त्यातल्या प्रत्येक नोडमध्ये एक आकडा असतो आणि तिच्याखाली जास्तीत जास्त दोन फांद्या असतात. डाव्या फांदीतले सगळे आकडे त्या नोडपेक्षा लहान आणि उजव्या फांदीतले सगळे मोठे, हा त्याचा एकमेव नियम. दोन नोडमधल्या आकड्यांची चुकून अदलाबदल झाली, तर वृक्षाचा आकार तसाच राहतो. बिघडतो तो हा नियम. तो पूर्ववत कसा करायचा, हा संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमातला नेहमीचा प्रश्न आहे.

खालच्या वृक्षात ४ आणि १३ यांच्या जागा बदलल्या गेल्या आहेत.

```
            ८
          /   \
         ३     १०
        / \      \
       १   ६      १४
          / \     /
        १३   ७   ४
```

यात ४ शोधायला निघाले की ८ वरून डावीकडे ३, तिथून उजवीकडे ६ आणि मग डावीकडे १३ लागतो. ४ त्याहून लहान, म्हणून आणखी डावीकडे जावे, तर तिथे काहीच नाही. वृक्षात ४ आहे, पण शोध ‘नाही’ असे उत्तर देतो. १३ चेही तेच होते.

दोष शोधण्यासाठी प्रत्येक नोडची तिच्या लगेच खालच्या नोडशी तुलना करावी, असे आधी सुचते. पण तेवढ्याने भागत नाही. ६ च्या डावीकडे १३ आहे, ही चूक लगेच दिसते. ४ मात्र १४ च्या डावीकडे बसला आहे आणि १४ पेक्षा लहानच आहे, त्यामुळे तिथे सारे आलबेल वाटते. तो खटकतो तो वरच्या १० आणि ८ यांच्या संदर्भात, कारण त्यांच्या उजवीकडे त्यांच्याहून लहान आकडा चालत नाही.

म्हणून वृक्ष ‘इनऑर्डर’ पद्धतीने वाचतात: प्रत्येक नोडपाशी आधी तिची डावी फांदी पूर्ण वाचायची, मग ती नोड, मग उजवी फांदी. निर्दोष शोधवृक्ष असा वाचला की आकडे चढत्या क्रमानेच येतात. वरचा वृक्ष वाचल्यावर मिळणारी ओळ अशी:

```
१  ३  १३  ६  ७  ८  १०  ४  १४
```

ओळीत दोन ठिकाणी उतार आहे: १३ नंतर ६ आणि १० नंतर ४. मोठा आकडा पुढे सरकला, की त्याच्यानंतर त्याच्याहून लहान आकडा येतो, म्हणून पहिल्या उतारातला पहिला आकडा दोषी. लहान आकडा मागे गेला, की त्याच्या आधी त्याच्याहून मोठा आकडा असतो, म्हणून शेवटच्या उतारातला दुसरा आकडा दोषी. मधले ६, ७, ८, १० आपापल्या जागी आहेत, तिथे उतार पडत नाही. १३ आणि ४ यांची अदलाबदल केली की वृक्ष दुरुस्त.

फसगत होते ती शेजारच्या आकड्यांपाशी. समजा, ४ आणि १३ ऐवजी ७ आणि ८ यांची अदलाबदल झाली. मग ओळ १, ३, ४, ६, ८, ७, १०, १३, १४ अशी येते आणि त्यात उतार एकच असतो. दोषी दोघेही त्याच उतारात असतात. दुसऱ्या उताराची वाट पाहणारा प्रोग्राम इथे अडकतो. म्हणून पहिला उतार दिसताच त्यातले दोन्ही आकडे टिपून ठेवावेत आणि पुढे दुसरा उतार सापडलाच, तर फक्त दुसरी नोंद बदलावी. म्हणजे दोन्ही प्रकार एकाच नियमात बसतात.

यासाठी सगळी ओळ साठवण्याची गरज नाही. वाचताना आधीची नोड तेवढी लक्षात ठेवली की पुरते. तरीही फांद्यांत खाली उतरून परत येण्यासाठी वृक्षाच्या उंचीइतकी जागा लागतेच. १९७९ मध्ये जे. एच. मॉरिस यांनी मांडलेल्या पद्धतीत तीही वाचते, कारण परतीची वाट वृक्षातच तात्पुरत्या दुव्यांनी जोडलेली असते. मात्र दोन्ही दोषी सापडले म्हणून वाचन मध्येच थांबवले, तर ते दुवे तसेच राहतात आणि वृक्ष नव्याने बिघडतो. या पद्धतीत वाचन शेवटपर्यंत न्यावेच लागते.

ही सगळी युक्ती ‘नेमके दोनच आकडे बदलले आहेत’ या गृहीतावर उभी आहे. ३, ४, ६ यांच्या जागी ४, ६, ३ असे तिघे फिरले, तरी उतार एकच दिसतो. त्यातल्या ६ आणि ३ यांची अदलाबदल केली, तर ४, ३, ६ उरतात, म्हणजे चूक कायमच. म्हणून दुरुस्तीनंतर वृक्ष पुन्हा एकदा इनऑर्डर वाचावा. एकही उतार दिसला नाही, तरच दुरुस्ती पूर्ण झाली असे समजावे.