तमिळ पाट्या वाचताना: कडै, अगम आणि दोन वेटोळी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात मराठी माणसाला अक्षरांची अडचण येत नाही. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली तिथल्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला, तो मराठीत आणि देवनागरीत. वळण जुनं असलं तरी अक्षरं आपली आहेत. अडचण सुरू होते देवळाबाहेर पडून चहा शोधू लागलं की. तमिळनाडूत दुकानाच्या पाटीवर तमिळ सर्वांत ठळक हवी असा नियम आहे. मोठी दुकानं तिच्याखाली इंग्रजीही लिहितात. चहाची टपरी, औषधांचं लहानसं दुकान, गल्लीतली खाणावळ यांना मात्र त्याची गरज वाटत नाही.

पाट्या वाचायला तमिळ भाषा शिकावी लागत नाही. लिपीचे दोन-तीन स्वभाव आणि दहा-पंधरा शब्द एवढं पुरतं. तेलुगूची गोष्ट वेगळी आहे. तिची वर्णमाला जवळपास आपल्यासारखीच, क-ख-ग-घ सगळे हजर, जोडाक्षरंही भरपूर, म्हणजे तिथे कष्ट नुसती वळणं पाठ करण्याचे. तमिळमध्ये अक्षरं कमी आहेत आणि खरं कोडं त्यानंतर सुरू होतं. म्हणून हा लेख तमिळपुरता. पुढे अवतरणचिन्हांत जे देतो आहे ते पाटीवरचं अक्षराला अक्षर ठेवून केलेलं देवनागरी रूप आहे, उच्चार त्यामागोमाग सांगेन.

तमिळमध्ये व्यंजनं अठराच. आपल्या क, ख, ग, घ या चौघांचं काम तिथे एकटा 'क' करतो. ट-ठ-ड-ढ, त-थ-द-ध, प-फ-ब-भ यांचंही तसंच. मग वाचणाऱ्याला कळतं कसं? जागेवरून. शब्दाच्या सुरुवातीला असेल किंवा जोडीने आला असेल तर उच्चार कठोर: क, त, प. अनुनासिकाच्या मागून आला तर मृदू: ग, ड, द, ब. दोन स्वरांच्या मध्ये एकटा सापडला तरीही मृदू, आणि तो 'क' असेल तर बोलताना कित्येकदा 'ह'कडे झुकलेला. 'च' जरा लहरी आहे: एकटा असताना बहुतेक वेळा 'स', जोडीत 'च्च', आणि अनुनासिकामागे 'ज'.

प्रवासात डोकं दुखू लागलं तर हा नियम लगेच उपयोगी पडतो. एका पाटीवर 'मरुन्तकम्' असतं आणि दुसरीवर 'मरुत्तुवमनै'. पहिल्यात 'त'च्या आधी 'न्' आहे, म्हणून तो 'द' झाला, आणि 'क' दोन स्वरांत अडकला म्हणून 'ग'. उच्चार मरुंदगम. मरुंदु म्हणजे औषध, तेव्हा हे औषधांचं दुकान. दुसऱ्यात 'त' जोडीने आला आहे, तो कठोरच राहिला. मरुत्तुवम म्हणजे वैद्यकी, मनै म्हणजे घर, म्हणून मरुत्तुवमनै म्हणजे रुग्णालय. त्याच्या आधी 'अरचु' दिसलं, म्हणजे अरसु, तर ते सरकारी. गोळी हवी असताना माणूस रुग्णालयाच्या रांगेत उभा राहू नये, इतपत फरक या 'न्त' आणि 'त्त'मध्ये नक्की आहे.

इथे मराठी डोळ्याला हमखास चकवणारी एक गोष्ट येते. तमिळ अक्षराच्या डोक्यावर ठिपका असतो. आपण तो अनुस्वार समजून वाचतो. तो अनुस्वार नव्हे. त्याला पुळ्ळि म्हणतात आणि त्याचं काम आपल्या हलन्त चिन्हाचं: त्या अक्षरातला 'अ' काढून टाकणं. तमिळमध्ये जोडाक्षरं मोडून-चिकटवून लिहीत नाहीत. 'क्क' लिहायचं तर ठिपकेवाला क आणि त्याच्या शेजारी बिनठिपक्याचा क. नवशिक्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे, फक्त ठिपक्याचा अर्थ आधी डोक्यात पक्का बसवायला हवा.

पाटीवर सर्वांत जास्त वेळा भेटणारा शब्द म्हणजे 'कटै'. उच्चार कडै, अर्थ दुकान. हा शब्द वाचण्यापेक्षा आकारावरून ओळखणंच सोपं. आधी क, मग दोन वेटोळी एकमेकांना चिकटलेली एक खूण, आणि शेवटी ट, जो निव्वळ काटकोन आहे: एक उभी रेघ, तिच्या पायथ्यापासून उजवीकडे एक आडवी. मधली दोन वेटोळी म्हणजे 'ऐ'ची मात्रा. ती उच्चारात 'ट'नंतर येते, पण लिहितात 'ट'च्या आधी, आपली पहिली वेलांटी लिहितो तशी. क, वेटोळी, काटकोन ही तीन चित्रं लक्षात ठेवून रस्त्यावर नजर टाकली की अर्ध्या पाट्यांच्या शेपटीला ती लटकलेली दिसतात.

मग उरतं ते शेपटीच्या आधी काय आहे हे पाहणं. टीक्कडै म्हणजे चहाचं दुकान, तुणिक्कडै कापडाचं, नगैक्कडै दागिन्यांचं, मळिगैक्कडै किराण्याचं, पात्तिरक्कडै भांड्यांचं. अडगुक्कडै दिसलं तर तिथे काही विकत मिळत नाही, ते गहाण ठेवण्याचं दुकान आहे. 'मतुपानक्कटै' ही पाटी संस्कृत जाणणाऱ्याला लगेच उलगडते. तमिळनाडूत दारूची किरकोळ विक्री सरकारी महामंडळ करतं, त्यामुळे ही पाटी सरकारचीच असते. या सगळ्या शब्दांत कडैचा 'क' दुप्पट झालेला आहे. मागे स्वर आल्यावर एकटा 'क' मऊ पडला असता, दुप्पट केल्याने तो 'क'च राहतो.

दुसरी शेपटी 'अकम्', उच्चार अगम. अगम म्हणजे आतली जागा, घर. आपल्याकडे छापखाना, दवाखाना यांत 'खाना' जे करतो तेच हा करतो. अच्चगम छापखाना, नूलगम ग्रंथालय, अंजलगम टपाल कचेरी, मरुंदगम वर आलंच. आणि पोटाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं उणवगम. उणवु म्हणजे अन्न, उणवगम म्हणजे जेवणाचं ठिकाण. जयललितांच्या सरकारने २०१३ साली चेन्नईत एक रुपयाला इडली देणारी केंद्रं काढली, त्यांचं नाव अम्मा उणवगम हेच होतं.

अगम लावून घडवलेले असे तमिळ शब्द परक्या शब्दांऐवजी वापरण्याचा आग्रह पाट्यांवर दिसतो, आणि त्यामागे शंभर वर्षांहून जुनी चळवळ आहे. वेदाचलम नावाच्या विद्वानांनी १९१६च्या सुमारास शुद्ध तमिळचा पुरस्कार सुरू केला आणि स्वतःचं संस्कृत नावही सोडलं. वेदाला मरै, अचलाला मलै, म्हणून ते मरैमलै अडिगळ झाले. दुकानदार मात्र दोन्ही डगरींवर पाय ठेवतो. एकाच ओळीत कोणी उणवगम लिहितं, शेजारचा 'ओट्टल्' लिहितो, म्हणजे हॉटेल.

जेवायला बसण्यापूर्वी आणखी एक शब्द पाहून घ्यावा. 'चैव', उच्चार सैव. मूळ अर्थ शैव, पण पाटीवर अर्थ एकच: शाकाहारी. 'उयर्तर चैव उणवकम्' ही पाटी फार ठिकाणी दिसते. उयर्दर सैव उणवगम, म्हणजे उच्च दर्जाचं शाकाहारी उपाहारगृह. मांसाहाराला असैवम. म्हणजे सगळा फरक पुढे लागलेल्या एका 'अ'चा. घाईत ओळखीची वेटोळी बघून आत शिरणाऱ्याने वेटोळ्यांच्या डावीकडे आणखी एखादं अक्षर नाही ना, हे पाहावं. 'विलास' या नावावरून काही ठरत नाही. शाकाहारी विलास पुष्कळ आहेत, पण मुनियांडी विलास असेल तर ती मदुराई पद्धतीची मांसाहारी खाणावळ समजावी.

आता गंमत इंग्रजी आणि संस्कृत शब्दांची. 'पेक्करि', 'मेटिक्कल्', 'टिपन्', 'पास्ट् पुट्', 'पैनान्स्' या पाट्या म्हणजे बेकरी, मेडिकल, टिफिन, फास्ट फूड आणि फायनान्स. 'मेटिक्कल्' नीट पाहा. 'ट' एकटा, म्हणून 'ड'. 'क' दुप्पट, म्हणून 'क'. नियम चोख लागू पडला. 'पेक्करि'तही मधला 'क' तसाच बिनचूक निघतो, पण सुरुवातीचा 'प' फसवतो. नियमाने तो 'प' हवा, प्रत्यक्षात 'ब' आहे. 'पास्ट्'मध्ये तोच 'फ' झाला. परक्या शब्दाच्या मधल्या भागावर विश्वास ठेवावा, पहिल्या अक्षरावर संशय घ्यावा. देवादिकांच्या नावांचंही असंच. 'कीता' गीता आहे, 'पालाजि' बालाजी, 'कणेष्' गणेश, आणि 'आनन्त पवन्' आनंद भवन. ज, ष, स, ह यांच्यासाठी तमिळने ग्रंथ लिपीतून वेगळी अक्षरं घेतली आहेत, म्हणून बालाजीतला 'जि' आणि गणेशमधला 'ष्' ओळखायला सोपे जातात. पाटीत यातलं एखादं अक्षर दिसलं की शब्द बाहेरून आलेला आहे असं खुशाल धरावं आणि ओळखीचं नाव शोधू लागावं.

या पहिल्या अक्षराच्या संशयाचं एक खिशाशी संबंधित उदाहरण आहे. 'कोल्टु कवरिङ्' ही पाटी दागिन्यांच्या दुकानावर असते. 'कोल्टु' म्हणजे गोल्ड एवढं लागल्यावर माणूस खूश होतो, पण मतलब दुसऱ्या शब्दात आहे. गोल्ड कव्हरिंग म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेले दागिने. अस्सल सोनं हवं असेल तर पाटीवर तंगम हा शब्द शोधावा, तो 'तङ्कम्' असा लिहिलेला असतो.

जुन्या पेठेत मात्र ही सगळी तयारी करूनही एखादी पाटी अडते. १९७८ साली एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने पेरियारांनी सुचवलेली लिपीसुधारणा स्वीकारली. त्याआधी ल, ळ आणि दोन प्रकारचे न-ण यांना 'ऐ' लावताना ती दोन वेटोळी वापरत नसत, अक्षराच्या डोक्यावरून हत्तीच्या सोंडेसारखं वळण काढत. विलै म्हणजे किंमत, सालै म्हणजे रस्ता, निलैयम म्हणजे स्थानक किंवा केंद्र, हे शब्द त्या काळच्या पाटीवर वेगळेच दिसतात. सोंड दिसली की तिथे 'ऐ' वाचावा.

आणि जिथे चुकून चालत नाही त्या दाराविषयी. पुरुषांसाठी 'आण्कळ्', स्त्रियांसाठी 'पेण्कळ्', उच्चार आण्गळ आणि पेण्गळ. दोन्हींचा शेवट हुबेहूब सारखा असतो, त्यामुळे शेवट बघू नका. तमिळ 'प' म्हणजे वरून उघडा चौकोनी खोका. सुरुवातीला एक वेटोळं आणि त्याला लागून हा खोका असेल तर दार स्त्रियांचं, खोका नसेल तर पुरुषांचं.