अरल समुद्र सर्वाधिक कुठे आटला?

‘टेरा’ हा नासाचा उपग्रह डिसेंबर १९९९मध्ये अवकाशात गेला. तेव्हापासून त्याने मध्य आशियातील अरल समुद्राची छायाचित्रे वर्षानुवर्षे टिपली आहेत. एकाच जागेची, एकाच ऋतूतली ही चित्रे ओळीने मांडली, तर डोळ्यांदेखत एक जलाशय नाहीसा होताना दिसतो. ऑगस्ट २०००च्या चित्रात समुद्राच्या दक्षिण भागात डावीकडे एक अरुंद आणि उजवीकडे एक रुंद असे दोन हिरवट-निळे पट्टे आहेत. ऑगस्ट २०१४च्या चित्रात उजवीकडचा पट्टा पूर्ण पुसला गेला आहे. तिथे उरला आहे तो केवळ मिठाचा पांढुरका डाग.

नावात समुद्र असला, तरी अरल हे खाऱ्या पाण्याचे सरोवर. १९६०मध्ये ते सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटरवर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून मोठ्या जागेवर पसरलेले होते आणि जगातले चौथे मोठे सरोवर समजले जाई. अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्या त्याला पाणी पुरवत. सोव्हिएत राजवटीत कापूस आणि भातासाठी या नद्यांचे पाणी कालव्यांतून शेतांकडे वळवले गेले आणि सरोवराला मिळणारे पाणी बाष्पीभवनाने उडणाऱ्या पाण्याहून कमी पडू लागले. ही कहाणी अनेकांना ठाऊक आहे. मात्र ‘नेमके कुठे सर्वाधिक आटले’ हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. चित्रांवरून त्याचे उत्तर काढताना तज्ज्ञही जपून पावले टाकतात.

पहिले पाऊल म्हणजे तुलना करण्याजोगी चित्रे निवडणे. वसंतात डोंगरातला बर्फ वितळून नद्यांना पाणी येते, तर हिवाळ्यात सरोवराचा उत्तर भाग गोठतो. त्यामुळे एका वर्षाचा एप्रिल आणि दुसऱ्या वर्षाचा सप्टेंबर शेजारी ठेवला, तर दिसणारा फरक ऋतूचा की आटण्याचा, हे कळत नाही. म्हणूनच बहुतेक तुलना ऑगस्टच्या आसपासच्या, ढग नसलेल्या दिवसांच्या असतात.

दुसरे पाऊल पाणी ओळखण्याचे. डोळ्यांना निळे दिसते ते पाणी, एवढ्यावर भागत नाही. गाळाने भरलेले पाणी तपकिरी दिसते आणि ओली जमीन गडद दिसते. त्यासाठी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाची मदत होते. पाणी हा प्रकाश जवळजवळ सगळा शोषून घेते, तर कोरडी माती आणि झाडे तो चांगलाच परत फेकतात. म्हणून चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यासाठी हिरव्या प्रकाशातून अवरक्त प्रकाश वजा करतात आणि त्या वजाबाकीला दोघांच्या बेरजेने भागतात. समजा, एका ठिपक्यातून हिरवा प्रकाश ८ टक्के आणि अवरक्त २ टक्के परत आला. मग ६ भागिले १०, म्हणजे ०.६. हे पाणी. दुसऱ्या ठिपक्यातून हिरवा १२ टक्के आणि अवरक्त १८ टक्के आला, तर उत्तर उणे ०.२ येते. ही जमीन. साधारणपणे शून्याच्या वरचे ते पाणी धरून ठिपके मोजायचे. ‘टेरा’वरील कॅमेऱ्याचा सर्वांत बारीक ठिपका २५० मीटर लांबी-रुंदीचा असतो. असे १६ ठिपके म्हणजे एक चौरस किलोमीटर.

इथेच अरल समुद्र फसवतो. समुद्र मागे सरतो तिथे मिठाचा थर उरतो आणि ओले मीठ हिरवा व अवरक्त असे दोन्ही प्रकाश जवळपास सारखेच परत फेकते. उत्तर शून्याच्या आसपास घुटमळते आणि संगणक चिखलालाही पाणी समजू शकतो. उलट, वीतभर खोल पाण्यातून तळाचे मीठ दिसले, तर पाण्याची गणना जमिनीत होऊ शकते. शिवाय उथळ पाणी वाऱ्याने ढकलले जाते आणि काठ काही दिवसांतच पुढे-मागे होतो. म्हणून जाणकार एकाच चित्रावर विसंबत नाहीत. काही दिवस आधीचे आणि नंतरचे चित्र ते पाहतात. ३० मीटरच्या ठिपक्यांच्या लँडसॅट चित्रांशी ते पडताळतात. शिवाय रडार-लहरींनी पाण्याच्या पृष्ठभागाची उंची मोजणाऱ्या उपग्रहांची नोंदही तपासतात. काठ सरकला, पण पातळी तीच राहिली, तर तो वाऱ्याचा खेळ असण्याची शक्यता अधिक.

इतके करून ठिपके मोजले, तर पहिले उत्तर स्वच्छ मिळते. या शतकात सर्वाधिक क्षेत्र गमावले ते दक्षिण अरलच्या पूर्व भागाने. त्यातही २००५ ते २००९ या काळात अमू दर्याच्या खोऱ्यात दुष्काळ असताना हा भाग झपाट्याने मागे हटला. २००९मध्ये तो जवळजवळ दिसेनासा झाला होता. पण २०१०च्या चित्रात तिथे पुन्हा पाणी दिसते. फक्त ही दोन वर्षे शेजारी ठेवणाऱ्याला समुद्र परत येतो आहे, असेच वाटले असते. त्यानंतरही ओल्या-कोरड्या वर्षांप्रमाणे पाणी येत-जात राहिले आणि २०१४मध्ये हा भाग पूर्ण कोरडा पडला. अरलचा अनेक दशके अभ्यास केलेले भूगोलतज्ज्ञ फिलिप मिकलिन यांच्या मते आधुनिक काळात असे प्रथमच घडले आणि बहुधा सहाशे वर्षांत प्रथमच. दूरच्या पामीर पर्वतात पाऊस आणि बर्फ कमी पडणे, हे त्यांनी सांगितलेले एक कारण. म्हणजे कल ठरवायचा तर पहिले आणि शेवटचे चित्र पुरत नाही, मधली सगळी वर्षे लागतात.

पण पूर्व भागच का? तिथे ऊन अधिक होते किंवा पाण्याचा उपसा अधिक होता, असे नाही. एखाद्या सरोवराचे पाणी सलग असते, तोवर त्याची पातळी सगळीकडे सारखीच खाली जाते. फरक असतो तो तळाच्या उताराचा. परातीतले आणि तपेल्यातले पाणी दोन बोटे कमी करून पाहावे. उतरत्या काठाच्या परातीत पाण्याची कड आत सरकते, तपेल्यात मात्र पाण्याचा घेर तेवढाच राहतो. तळाला दर किलोमीटरमागे एक मीटर उतार असेल, तर पातळी एक मीटर घसरल्यावर काठ एक किलोमीटर मागे जातो. तोच उतार दर किलोमीटरमागे दहा सेंटीमीटर असेल, तर काठ दहा किलोमीटर मागे जातो. आपल्याकडे धरणाच्या फुगवट्याच्या टोकाला गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्यांना हा हिशेब पुस्तकाविना ठाऊक असतो. भिंतीपाशी पाणी तुडुंब दिसत असतानाही टोकाची जमीन उघडी पडलेली असते.

अरलचा पूर्व भाग परातीसारखा आहे. पश्चिम भाग उस्त्युर्त पठाराच्या कड्याला लागून असलेल्या खोल, अरुंद चरासारखा. म्हणून पश्चिमेचा काठ चित्रात फारसा हललेला दिसत नाही. पण १९६०मध्ये समुद्रसपाटीपासून ५३ मीटरवर असलेली पाण्याची पातळी तिथे आता ३० मीटरच्याही खाली आहे. वीस मीटरहून अधिक उंचीचा पाण्याचा थर गेला आणि वरून पाहणाऱ्याला तो जवळजवळ कळलाच नाही. उरलेले पाणीही महासागराच्या तिपटीहून अधिक खारट झाले आणि त्यातले मासे संपले. तेव्हा ‘कुठे सर्वाधिक आटले’ या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. उघडी पडलेली जमीन मोजली, तर उत्तर ‘पूर्वेला’. पातळी किती घसरली हे मोजायचे तर मात्र चित्र एकटे पुरत नाही, त्याला उंचीच्या नोंदीची जोड लागते.

सरोवराचे तुकडे झाले की तिसरी गोष्ट घडते. मग प्रत्येक तुकड्याचा जमाखर्च वेगळा होतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस उत्तरेचा लहान तुकडा दक्षिणेपासून सुटा झाला. त्याला सिर दर्याचे पाणी मिळत होते, पण ते दक्षिणेकडे वाहून जाई. २००५मध्ये कझाकस्तानने जागतिक बँकेच्या मदतीने तिथे सुमारे १३ किलोमीटर लांबीचा कोक-अरल बंधारा पूर्ण केला. वर्षाच्या आतच उत्तरेची पातळी ३८ मीटरवरून ४२ मीटरपर्यंत चढली. नंतरच्या चित्रांत हा तुकडा फुगलेला दिसतो. क्षारता कमी झाली आणि मासेमारी परतली. त्याच वर्षांत दक्षिण भाग वेगाने आटत होता. संपूर्ण अरलची एकच बेरीज केली असती, तर उत्तरेची वाढ दक्षिणेच्या घटीत बुडून गेली असती. म्हणून मोजणी तुकड्यातुकड्याने करावी लागते.

या मोजणीचा संबंध तिथल्या माणसांच्या श्वासाशी आहे. उघडा पडलेला तळ आता ‘अरलकुम’ या नावाचे नवे वाळवंट झाले आहे. नद्यांनी शेतांतून आणलेली कीटकनाशके आणि क्षार याच तळात साचले होते. वारा सुटला की ती धूळ उठते आणि गावांवर पसरते. उझबेकिस्तानातल्या काराकालपाकस्तान भागात श्वसनविकार आणि रक्तक्षय हे वर्षानुवर्षांचे दुखणे आहे. खारे पिण्याचे पाणी, गरिबी आणि निकृष्ट आहार ही त्याची अन्य कारणे, त्यामुळे सगळा दोष धुळीवर टाकता येत नाही. पण ती धूळ कुठून उठते, हे चित्रांवरून कळते. मोयनाक हे एकेकाळचे मासेमारीचे बंदर आज पाण्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर पडले आहे आणि त्याच्या पुढ्यात ही उघडी जमीन पसरली आहे.

धूळ रोखण्यासाठी कोरड्या तळावर सॅक्साउल या काटक झुडपांची लागवड केली जाते. त्याची मुळे वाळू धरून ठेवतात आणि फांद्या जमिनीलगतचा वारा मंदावतात. पण दाट मिठाच्या थरात कोवळी रोपे जगत नाहीत. काही दशकांपूर्वी उघडा पडलेला वाळूचा पट्टा त्यांना मानवतो, नुकताच उघडा पडलेला खारट चिखल मानवत नाही. आणि कोणती जमीन कोणत्या वर्षी पाण्याबाहेर आली, हे ओळीने मांडलेल्या त्याच चित्रांतून वाचता येते. दोन चित्रांतला काठ तिथल्या जमिनीचे वय सांगतो. रोपे घेऊन निघालेल्या माणसाला कुठे खड्डा खणायचा आणि कुठे थांबायचे, हे त्यावरून ठरवता येते.